तळ्याचे पाणी किती वाजता घेतले?

शालेय विज्ञान प्रदर्शनात पाण्यावरचा एक प्रकल्प हमखास असतो. टेबलावर नळाचे, विहिरीचे आणि तळ्याचे पाणी भरलेल्या तीन बाटल्या, प्रत्येकीपुढे सामू दाखवणारी रंगीत पट्टी, शेजारी साबणाच्या फेसाच्या परीक्षानळ्या आणि मागे तक्ता. तक्त्याच्या तळाशी निष्कर्ष असतो : 'नळाचे पाणी सर्वांत चांगले.' अशा प्रकल्पापुढे उभे राहून परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, तर बहुतेक विद्यार्थी गडबडतात. तळ्याचे पाणी किती वाजता घेतले होते?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर सगळा तक्ता अवलंबून आहे. हिरवट झाक असलेल्या एखाद्या तळ्यातून सकाळी सातला पाणी घेतले, तर त्याचा सामू साडेसातच्या आसपास येऊ शकतो. त्याच जागेवरून दुपारी तीनला घेतले, तर तो नऊपर्यंत चढलेला दिसू शकतो. मग तळ्याचा सामू म्हणून तक्त्यात कोणता आकडा लिहायचा? आणि तो विहिरीच्या आकड्याशी कसा ताडून पाहायचा? या प्रश्नाला भिडणारा प्रकल्प कसा आखावा, ते पुढे सांगितले आहे. तो आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना शाळेच्या प्रयोगशाळेत, एका शिक्षकाच्या देखरेखीखाली करता येईल असा आहे.

आधी दोन मोजमापांची ओळख

सामू म्हणजे पीएच. पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे तो सांगतो. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये ही मोजपट्टी मांडली. तिची एक गोष्ट विद्यार्थ्यांनी पक्की लक्षात ठेवावी : एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. सामू आठवरून नऊवर गेला, तर पाण्यातले हायड्रोजन आयन एक दशांश उरले. म्हणून सामूतला एका अंकाचा फरक क्षुल्लक समजू नये.

जडपणा ही वेगळी गोष्ट आहे. पाण्यात मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती विरघळले आहे, याचे ते माप. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, ते पाणी जड. पाठ्यपुस्तकात त्यालाच दुष्फेन म्हणतात. जडपणा मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिहितात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००, २०१२) सामू ६.५ ते ८.५ असावा आणि जडपणा २०० पर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल, तर ६०० पर्यंतचा जडपणा चालवून घेता येतो.

पाणी जड आहे म्हणजे त्याचा सामूही जास्त असणार, असे पुष्कळांना वाटते. तसे असतेच असे नाही. विहिरीचे पाणी तिघांत सर्वांत जड असूनही त्याचा सामू सर्वांत कमी निघू शकतो. असे का होते हे शोधणे, हाच या प्रकल्पाचा गाभा. आणि त्याची किल्ली आहे पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड.

पावसाचे पाणी हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली येते. मातीत शिरल्यावर त्याला तो कितीतरी जास्त मिळतो, कारण मुळे आणि सूक्ष्मजीव तिथे सतत श्वसन करत असतात. हा वायू पाण्यात विरघळला की सौम्य कार्बनिक आम्ल तयार होते. हे आम्ल जमिनीतली चुनखडी आणि खडकातली खनिजे हळूहळू विरघळवते. दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असतात. पाणी त्या खडकाच्या भेगांतून मुरत मुरत विहिरीत येते, तोवर ते जड झालेले असते. मात्र न वापरलेला कार्बन डायऑक्साइडही त्यात शिल्लक असतो आणि तो सामू खाली ओढून ठेवतो. म्हणून पाणी जड आणि तरीही सामू सातच्या जवळपास.

तळ्यात याच्या उलट घडते. तिथे उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती अन्न तयार करतात आणि त्यासाठी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. आम्ल करणारा वायूच कमी झाला, की सामू चढतो. रात्री प्रकाश नसतो, सगळे जीव फक्त श्वसन करतात, वायू परत पाण्यात जमा होतो आणि पहाटेपर्यंत सामू उतरतो. सकाळी आणि दुपारी दोन वेगळे आकडे येतात ते यामुळे. जडपणा मात्र एवढ्या वेळात फारसा हलत नाही.

नमुना घेण्यातच निम्मा प्रकल्प

पहिले काम बाटलीचे नाही, चौकशीचे आहे. गावातल्या नळाला पाणी येते कुठून? बऱ्याच गावांत पाणीयोजनेची स्वतःची विहीर किंवा बोअर असते आणि तेच पाणी टाकीत चढवून नळाला सोडतात. अशा गावात नळ आणि विहीर यांची तुलना म्हणजे बहुधा त्याच भूजलाची त्याच भूजलाशी तुलना. नळाचे पाणी धरणातून किंवा नदीतून येत असेल, तरच तीन खरोखर वेगळे स्रोत हाती लागतात. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात विचारून ही माहिती वहीच्या पहिल्या पानावर लिहावी.

नळाचा नमुना थेट मुख्य वाहिनीच्या नळाचा घ्यावा, गच्चीवरच्या टाकीचा नको. नव्या सिमेंटच्या टाकीतला चुना पाण्यात उतरतो आणि सामू वाढवतो. घरात आरओ किंवा पाणी मृदू करणारे यंत्र असेल, तर तिथले पाणी चालणार नाही. नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्यावा, मग बाटली भरावी.

विहीर रोजच्या वापरातली असावी. ज्या विहिरीच्या पाण्यावर हिरवा तवंग आहे, ती या प्रयोगापुरती तळेच समजावी. बाटलीला वजन बांधून ती पृष्ठभागाखाली सोडावी किंवा पंप थोडा वेळ चालवून मग पाणी घ्यावे. तळ्यात काठाला लागून पाणी घेऊ नये, विशेषतः कपडे धुतात त्या बाजूला, कारण धुण्याचा सोडा सामू बिघडवतो. बाटली उलटी धरून कोपरभर खोल न्यावी आणि तिथे वळवून भरावी. विहीर आणि तळे दोन्हीकडे मोठे माणूस सोबत हवेच.

तिन्ही ठिकाणी बाटली एकाच प्रकारची, त्याच पाण्याने तीनदा विसळलेली आणि काठोकाठ भरलेली असावी. आत हवेचा बुडबुडा राहू नये. विहिरीचे पाणी सोड्याच्या बाटलीसारखे वागते : उघडे राहिले की वायू निसटतो. वायू गेला की सामू चढतो आणि आपण विहिरीचा नव्हे, तर उघड्या भांड्यातल्या पाण्याचा सामू मोजतो. म्हणून सामू शक्यतो जागेवरच मोजावा. जडपणाची घाई नसते, तो शाळेत आल्यावर त्याच दिवशी मोजला तरी चालतो.

नमुने दोन वेळा घ्यावेत, सकाळी सात आणि दुपारी तीन. तळ्याचे दोनदा आणि बाकीचे एकदाच, असे करू नये. तिन्ही स्रोत दोन्ही वेळा मोजले, तरच 'बदल फक्त तळ्यात झाला' असे म्हणण्याचा अधिकार मिळतो. हा क्रम तीन वेगवेगळ्या दिवशी करावा आणि प्रत्येक दिवशी ऊन होते की ढग, शेवटचा पाऊस कधी झाला, पाण्याचे तापमान किती, हे लिहून ठेवावे.

सामू मोजणे आणि कारण सिद्ध करणे

एक ते चौदा अंकांची कागदी पट्टी इथे अपुरी पडते, कारण तिच्यावर एक-एक अंकाचाच फरक दिसतो. साडेसहा ते नऊ या टप्प्याची अरुंद पट्टी घ्यावी किंवा पेनासारखा पीएच मीटर. मीटर असेल, तर रोज वापरण्याआधी माहीत सामूच्या बफर द्रावणांत तो जुळवून घ्यावा. ७ आणि ९.२ सामूच्या बफरच्या गोळ्या प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतात. आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे आणि प्रत्येक नमुन्यानंतर मीटरचे टोक डिस्टिल्ड वॉटरने धुवावे.

पट्टीचा रंग वाचताना डोळा अपेक्षेप्रमाणे रंग पाहतो. म्हणून एका विद्यार्थ्याने बाटल्यांवर फक्त अ, ब, क लिहावे आणि कोणते पाणी कुठले, हे ठाऊक नसलेल्या दुसऱ्याने रंग वाचावा. प्रत्येक नमुन्याची तीन वाचने घ्यावीत. पट्टीने ७.० आणि ७.२ असे आले, तर त्याला फरक म्हणू नये. तेवढे बारीक वाचणे पट्टीच्या आवाक्यात नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. दुपारी तळ्याचा सामू चढला, एवढ्यावरून शेवाळाने कार्बन डायऑक्साइड घेतला हे सिद्ध होत नाही. पाणी तापल्यामुळे किंवा कुणी कपडे धुतल्यामुळेही तो चढला असेल. म्हणून सकाळच्या तळ्याच्या पाण्याने दोन सारख्या पारदर्शक बाटल्या काठोकाठ भराव्यात आणि झाकण घट्ट लावावे. एकीला काळा कागद गुंडाळून त्यावरून ॲल्युमिनियम फॉइल लावावी, दुसरी उघडी ठेवावी. दोन्ही पाण्याच्या एकाच घमेल्यात ठेवून घमेले तीन-चार तास उन्हात ठेवावे. घमेल्यातल्या पाण्यामुळे दोन्हींचे तापमान जवळपास सारखे राहते आणि फरक उरतो तो फक्त प्रकाशाचा. उघड्या बाटलीचा सामू चढला आणि झाकलेलीचा तसाच राहिला किंवा थोडा उतरला, तर कारण हातात आले. तळे स्वच्छ, जवळजवळ शेवाळविरहित असेल, तर फरक दिसणार नाही. तोही निकालच आहे आणि तसाच नोंदवावा.

विहिरीसाठी जोडीचा प्रयोग अधिक सोपा आहे. ताज्या पाण्याचा सामू मोजावा, मग तेच पाणी एका ग्लासातून दुसऱ्यात वीस-तीस वेळा उंचावरून ओतावे आणि पुन्हा मोजावे. सामू चढतो, कारण वायू हवेत निघून जातो. उलट दिशेचा प्रयोग प्रदर्शनात सगळ्यांसमोर करता येतो : तळ्याच्या दुपारच्या पाण्यात स्ट्रॉने हळूहळू फुंकर घालावी. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळतो आणि मीटरवरचा आकडा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत उतरू लागतो. पाणी तोंडात ओढले जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

जडपणा : फेसाकडून थेंबाकडे

साबणाची चाचणी दाखवायला छान आहे, पण तिच्यात दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे डिटर्जंट वापरले, तर जड पाण्यातही भरपूर फेस येतो आणि तिन्ही पाणी सारखीच दिसतात. वेष्टनावर टीएफएम ७६ टक्के किंवा जास्त लिहिलेला अंघोळीचा साबण किसून, कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून घ्यावा. दुसरे म्हणजे मॅग्नेशियम असलेल्या पाण्यात आधी फेस आल्यासारखा वाटतो आणि पुन्हा हलवल्यावर मोडतो. म्हणून परीक्षानळी आडवी ठेवल्यावर पाच मिनिटे टिकतो, तोच फेस खरा धरावा आणि तिथवर किती थेंब लागले ते मोजावे.

आकडा हवा असेल, तर ईडीटीए अनुमापन करावे. ईडीटीए हा पदार्थ कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला घट्ट पकडून ठेवतो. शंकुपात्रात ५० मिलिलिटर नमुना घ्यावा, त्यात १ ते २ मिलिलिटर अमोनिया बफर घालावे, म्हणजे सामू १० होतो. मग एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाची चिमूटभर पूड. पाणी द्राक्षासवासारखे लालसर होते. आता ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए द्रावण हलवत हलवत सोडावे. लालसर रंग जांभळा होतो, जांभळा निळा होऊ लागतो. इथून एकेक थेंबच घालावा आणि पात्राखाली पांढरा कागद ठेवावा. लाल छटेचा शेवटचा अंश जाऊन पाणी निखळ निळे झाले की थांबावे. बफर घातल्यापासून पाच मिनिटांत हे काम आटोपावे, नाहीतर जड पाण्यात कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसू लागतो आणि निळा रंग पुन्हा लालसर होतो. अमोनियाचा वास उग्र असतो, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात आणि बफर शिक्षकांनीच घालावे.

या तीव्रतेच्या ईडीटीएचा एक मिलिलिटर म्हणजे बरोबर एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. त्यामुळे हिशेब सोपा आहे : लागलेले ईडीटीए मिलिलिटरमध्ये, गुणिले १०००, भागिले नमुन्याचे मिलिलिटर.

कृती नीट समजावी म्हणून काही आकडे मानून चालू. धरणाच्या नळाच्या ५० मिलिलिटर पाण्याला ४.१ मिलिलिटर ईडीटीए लागले. जडपणा ८२. तळ्याला ७.२ मिलिलिटर लागले. जडपणा १४४. विहिरीच्या पाण्याला मात्र २० मिलिलिटरच्या पुढे गेले तरी रंग लालच आणि वेळ संपत आलेली. इथे उपाय असा की विहिरीचे पाणी २५ मिलिलिटर घेऊन त्यात २५ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर मिसळावे. आता १०.५ मिलिलिटर लागले. १०.५ गुणिले १००० भागिले २५, म्हणजे ४२०. भागाकारात ५० नव्हे तर २५ लिहायचे, कारण विहिरीचे पाणी तेवढेच होते. विद्यार्थी नेमके इथेच चुकतात आणि जडपणा निम्मा लिहून बसतात.

या आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी दोन पडताळण्या हव्यात. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बफर आणि दर्शक घातल्यावर ते लगेच निळे दिसायला हवे. लाल झाले, तर ते पाणी किंवा भांडे स्वच्छ नाही. दुसरी पडताळणी माहीत जडपणाच्या पाण्याची. दोन रेणू पाणी असलेले कॅल्शियम क्लोराइड १.४७ ग्रॅम एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवले की १००० जडपणाचे द्रावण होते. त्यातले २० मिलिलिटर घेऊन १०० मिलिलिटरपर्यंत पातळ केले की २०० जडपणा. याच्या ५० मिलिलिटरला १० मिलिलिटर ईडीटीए लागायला हवे. ११ लागले, तर आपले सगळे आकडे वाढीव आहेत हे कळते.

शाळेत ब्युरेट नसेल, तर जलजीवन मिशनअंतर्गत ग्रामपंचायतींना पाणी तपासण्याचे संच मिळालेले आहेत. त्यांत सहसा सामू आणि जडपणाची चाचणी असते. ती थेंब मोजून करायची असते, तत्त्व हेच. एका थेंबाचा अर्थ बराच मोठा असल्याने निकाल ढोबळ येतो, पण तिन्ही पाण्यांचा क्रम कळतो.

वेळ असेल, तर विहिरीचे पाणी दहा मिनिटे उकळून, निववून, गाळून आणि डिस्टिल्ड वॉटरने मूळ मापाइतके करून पुन्हा जडपणा मोजावा. समजा ४२० वरून तो १८० वर आला. मधले २४० हा तात्पुरता जडपणा. उकळताना कार्बन डायऑक्साइड निघून गेला आणि त्याच्या आधाराने विरघळलेले कॅल्शियम पांढऱ्या साक्याच्या रूपात भांड्याच्या तळाशी बसले. मातीत पाण्यात शिरलेल्या वायूने खडकातून जे बाहेर आणले होते, ते वायू जाताच पुन्हा घन झाले.

निष्कर्ष कसा लिहायचा

आपल्या मानलेल्या उदाहरणात जडपणाचा क्रम नळ, तळे, विहीर असा चढत गेला. सामूचा क्रम वेगळा आला : सकाळी विहीर ७.१, नळ ७.४, तळे ७.६ आणि दुपारी विहीर व नळ जवळपास तिथेच, तळे मात्र ८.९. हे आकडे ज्याच्या त्याच्या गावी बदलतील. कोकणात जांभ्या खडकातल्या विहिरीचे पाणी पुष्कळदा मृदू असते आणि त्याचा सामू साडेसहाच्याही खाली येऊ शकतो, कारण जांभ्यातला चुना पावसाने केव्हाच धुऊन नेलेला असतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे चित्र आणखी निराळे दिसेल. म्हणून तक्त्यावर 'विहिरीचे पाणी जड असते' असे लिहू नये, 'आमच्या गावातल्या या विहिरीचे पाणी, या महिन्यात' असे लिहावे.

'कोणते पाणी पिण्यास योग्य' हा निकालही या प्रकल्पाने देऊ नये. सामू ७.२ आणि जडपणा १०० असलेल्या पाण्यातही हगवणीचे जंतू असू शकतात आणि त्यांचा पत्ता या दोन चाचण्यांना लागत नाही. ४२० जडपणाचे विहिरीचे पाणी मात्र २०० च्या पुढे असूनही ६०० च्या आत आहे. दुसरा स्रोत नसेल, तर मानकानुसार ते चालवून घेता येते, आणि उकळल्यावर त्याचा निम्म्याहून अधिक जडपणा जातो, हेही याच प्रकल्पाने दाखवले.

तक्त्याच्या तळाशी यावे ते वाक्य साधारण असे : 'आमच्या तळ्याचा सामू सकाळपासून दुपारपर्यंत १.३ ने चढला. काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटलीत तो चढला नाही, म्हणून ही वाढ प्रकाशात शेवाळाने कार्बन डायऑक्साइड घेतल्यामुळे झाली असे आम्ही मानतो. विहिरीचे पाणी सर्वांत जड असूनही त्याचा सामू सर्वांत कमी आहे, आणि हवेशी खेळवल्यावर तो वाढतो.' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षकांनी वेळ विचारली, तर उत्तर त्याच्या वहीत तारखेसह लिहिलेले असेल.